प्रौढ साक्षरता वर्ग: शब्दांच्या जाती शिकवायला कार्डं आणि तक्ता कसा करायचा?

पाटी_पेन्सिल
नमस्कार मंडळी. संध्याकाळचा प्रौढ वर्ग घेते, वयं १८ पासून ते सत्तरीपर्यंत, काही जण नुकतेच शब्द वाचायला लागलेत तर दोघीतिघी सावकाश का होईना पण आख्खं वाक्य वाचतात. आता नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद एवढं तरी घ्यायचंय. मी रंगीत कार्डं केलीत, नाम निळं, क्रियापद लाल, विशेषण हिरवं, क्रियाविशेषण केशरी अशी. कार्डावर सगळे पटापट बरोबर सांगतात पण तेच शब्द फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिले की गाडी अडते, म्हणजे ते रंग वाचतायत शब्द नाही असं दिसतंय. शिवाय 'समोर' हे कार्ड मी केशरी केलं होतं, तर एका काकूंनी विचारलं की "दारासमोर" मधला समोर पण केशरीच का. याला उत्तर काय देणार? कार्डांची मांडणीच बदलावी लागेल असं वाटतंय. कुणी असा तक्ता केला असेल तर मापांसकट सांगा प्लीज.

निवृत्त_मास्तर
ताई, आठ जातींचा तक्ता भिंतीवर लावा, वर चार विकारी, खाली चार अविकारी, प्रत्येकाची व्याख्या आणि पाच पाच उदाहरणं. आमच्या पिढीने असंच पाठ केलं आणि ते आजतागायत लक्षात आहे. समोर हे शब्दयोगी अव्यय, त्यात शंका घेण्यासारखं काही नाही, केशरी रंगच चुकीचा आहे. रूप बदलतं ते विकारी, बदलत नाही ते अविकारी, एवढी एक परीक्षा दिली की निम्मं काम होतं.

चिमणी_बालवाडी
मी बालवाडीत चित्रांची कार्डं वापरते, फुगा, बाहुली, ससा अशी, मुलांना फार आवडतात. क्रियापदासाठी पळणारा मुलगा, झोपलेलं बाळ. पाठीमागे फेल्ट लावलं की बोर्डाला चिकटतात. फाइल हवी असेल तर देते.

अक्षरवेल
पाटी_पेन्सिल ताई, काकूंचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कार्डात नाही, तक्त्यात आहे. कार्ड पांढरं ठेवा. रंग, खूण, जे काय असेल ते तक्त्याच्या खिशाला द्या. शब्द ज्या खिशात बसतो तिथे तो जे काम करतो ती त्याची जात. "आजी समोर बसली" यात समोर एकटा उभा आहे, कुठे बसली ते सांगतोय, म्हणून क्रियाविशेषण. "आजी दारासमोर बसली" यात तो दाराला चिकटलाय, म्हणून शब्दयोगी. एकच कार्ड, दोन जागा. कार्डालाच कायमचा रंग दिला की हे दाखवायचा रस्ता बंद होतो, आणि तुम्ही म्हणताय तसं लोक रंग पाठ करतात ते वेगळंच.

मास्तर, वाक्यातल्या कामावरून जात ठरते हे तर जुन्या व्याकरणातही आहेच, त्यामुळे समोर हा शब्द कायमचा शब्दयोगी असं म्हणता येणार नाही. विकारी-अविकारीची परीक्षा उपयोगी आहे पण पहिली परीक्षा म्हणून फसते. काळा, काळी, काळं हे बदलतं, पण लाल पाटी, लाल दिवा, लाल दार, कुठेच बदलत नाही, मग लाल अविकारी म्हणून अव्यय का? वर्गात हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो.

चित्रांबद्दल: लहान मुलांचं ठीक, पण मोठ्यांच्या वर्गात ससा-बाहुली ठेवली की पन्नाशीच्या माणसाला आपल्याला पोरासारखं वागवतायत असं वाटतं आणि तो बोलत नाही, नुसता यायचा थांबतो. दुसरं, पळणारा मुलगा दाखवला तर उत्तर 'मुलगा' पण येतं आणि 'पळतो' पण येतं, दोन्ही बरोबर. चित्र नामापुरतं चालतं, क्रियापदाला एकाच मुलाची दोन चित्रं लागतात, बसलेला आणि उभा, म्हणजे मुलगा तोच राहतो आणि बदललं काय ते दिसतं.

पाटी_पेन्सिल
अक्षरवेल ताई, खिशाला रंग हे पटलं. पण खिसे किती आणि नावं काय द्यायची? 'क्रियाविशेषण अव्यय' हा शब्दच माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांना वाचता येणार नाही.

अक्षरवेल
नाव नका देऊ, प्रश्न द्या. आडवे चार खिसे, डावीकडून उजवीकडे मराठी वाक्याच्या क्रमानेच:

कसा? कोणता? → कोण? काय? → कुठे? कधी? कसं? → वाक्य पुरं करणारा

पहिल्यात विशेषण, दुसऱ्यात नाम किंवा सर्वनाम, तिसऱ्यात क्रियाविशेषण आणि "दारासमोर" सारखी जोडी, चौथ्यात क्रियापद. जातीची नावं नंतर प्रश्नाच्या खाली बारीक पट्टीवर लावा, आधी लोकांना त्या खिशाची ओळख होऊ दे. चौथ्या खिशाला "काय करतो?" असं मुद्दाम लिहिलेलं नाही. ते लिहिलं की 'आहे' कुठे ठेवायचं हा घोळ होतो, आहे म्हणजे काही करणं नव्हे ना. झाकून बघायची परीक्षा चांगली: "आजी दारासमोर..." एवढंच वाचलं की सगळे पुढच्या शब्दाची वाट बघतात, म्हणजे पुरं करणारा शब्द राहिलाय.

आणि क्रियापदाच्या कार्डावर 'बसणे' लिहू नका, 'बसली' लिहा. बसणे हे वाक्य पुरं करत नाही, उलट "बसणं बरं" म्हटलं की ते दुसऱ्या खिशात नाम होऊन बसतं. बहुतेक छापील संचांत क्रियापदं 'णे' लावून दिलेली असतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

खडू_फळा
आमच्याकडे माँटेसरीच्या खुणा वापरतात, नामाला काळा मोठा त्रिकोण, क्रियापदाला लाल गोल, विशेषणाला निळा त्रिकोण. आकार असल्यामुळे रंगावर सगळं अवलंबून राहत नाही. त्या का नाही वापरत? तयार आहेत, जगभर चालतात.

अक्षरवेल
पहिल्या तिन्ही चालतील, वापरा खुशाल. अडतं ते त्याच संचातल्या हिरव्या चंद्रकोरीपाशी. तो आकार नामाच्या आधी येऊन दोन शब्दांमध्ये पूल टाकणाऱ्या शब्दासाठी केलाय, आपल्याकडे तो शब्द नामाच्या मागून येतो, चिकटून येतो आणि चिकटताना नामाचं रूपही बदलतो. दार चं दारा होतं. ती सगळी घडामोड वर ठेवलेल्या चंद्रकोरीत दिसत नाही. म्हणून मी शब्दयोगीला वेगळा खिसाच ठेवत नाही, त्याला खिसा नाही हीच त्याची ओळख.

रंगरेषा
मी छपाईच्या कामात आहे, वर्ग घेत नाही, पण मापांचं बोलू शकतो.

अक्षराची उंची: फलकांच्या कामात साधारण ३ मीटर अंतराला २५ मिमी अक्षर असा अंदाज धरतात. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची धरा, वेलांटी आणि उकार सोडून. खोली ६ मीटर असेल तर ५ सेमी. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं आणि साठीनंतर प्रकाशही जास्त लागतो, त्यामुळे याच्या खाली जाऊ नका.

आता कार्डाची उंची. शिरोरेघेच्या वर ४ सेमी जागा (वेलांटी, रफार, अनुस्वार), मध्ये ५ सेमी अक्षर, खाली ३ सेमी उकारासाठी, आणि त्याच्याही खाली ३ सेमी कोरी, जी खिशात जाणार. एकूण १५. ही शेवटची कोरी पट्टी बहुतेक लोक विसरतात आणि मग खिसा उकार गिळतो, 'मुलगी' लांबून 'मलगी' दिसते. नवशिक्या वाचकाला तर ते वेगळाच शब्द वाटणार.

शिरोरेघ सगळ्या कार्डांवर एकाच उंचीवर, वरून ४ सेमीवर पेन्सिलने रेघ आखून घ्या. रुंदी मात्र शब्दाप्रमाणे कमीजास्त असू दे, सगळी एकाच मापाची केली की 'मी' एवढासा शब्द मोठ्या कार्डात हरवतो.

रंग: खिशांना रंग द्याल तेव्हा लाल-हिरवी जोडी टाळा, पुरुषांमध्ये तो फरक न कळणारे असतात. वयस्कर लोकांत डोळ्याचं भिंग पिवळसर होतं त्यामुळे निळा आणि हिरवा एकसारखे वाटतात, पिवळ्या दिव्याखाली आणखीनच. म्हणून रंगाबरोबर आकार हवाच, ते खडू_फळा म्हणतात ते बरोबर. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट त्यात दिसते आणि एका बाजूला बसलेल्यांना शब्द दिसतच नाही. मॅट करा किंवा नुसतं जाड कार्ड, ३०० जीएसएम.

अजून एक, कॉम्प्युटरवर छापणार असाल तर दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवा. भाषा हिंदी असेल तर बऱ्याच फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. हाताने गिरवलेला ल वेगळा आणि कार्डावरचा वेगळा, शिकणाऱ्याला ते दोन अक्षरं वाटतात.

पाटी_पेन्सिल
रंगरेषा, उकाराचं वाचून लगेच माझा तक्ता बघितला, खरंच 'झाडू' चा उकार खिशात आहे!! अक्षरवेल ताई, दार चं दारा होतं ते कार्डावर कसं दाखवता?

अक्षरवेल
हे नीट सांगते कारण सगळा खेळ इथेच आहे.

'दार' चं कार्ड घ्या. उजव्या बाजूला ३ सेमीची जास्तीची पट्टी ठेवा आणि ती मागे दुमडा. पट्टीवर फक्त काना आणि त्याच्या वरची शिरोरेघ. दुमडलेली असताना वाचायचं दार, उघडली की दारा. घडीवर मागून कापडी चिकटपट्टी लावा नाहीतर पंधरा दिवसांत तुटते. आता 'समोर' च्या कार्डावर शिरोरेघ डाव्या कडेपर्यंत पूर्ण न्या, आणि दाराच्या पट्टीवर उजव्या कडेपर्यंत. दोन्ही कार्डं शेजारी लावली की रेघ जुळते आणि दारासमोर हा एक शब्द डोळ्यांना दिसतो. रंगरेषा यांनी रेघ एका उंचीवर म्हटलंय ते इथे कामाला येतं, दोन मिलीमीटर जरी खालीवर झालं तरी दोन शब्द दिसतात.

वर्गात मी असं करते. आधी 'आजी' दुसऱ्या खिशात, 'बसली' चौथ्यात. वाचा. पुरं झालं? झालं. मग 'समोर' एका बाईंच्या हातात देते आणि विचारते, कुठे ठेवाल. त्या तिसऱ्या खिशात ठेवतात, कुठे बसली, समोर. बरोबर. मग 'दार' चं कार्ड देते, दुमडलेलं. त्या ते समोर च्या आधी ठेवतात आणि मोठ्याने वाचतात "आजी दार समोर बसली". इथे थांबायचं, आपण काही बोलायचं नाही. कुणीतरी लगेच म्हणतं असं नाही म्हणत आपण, दारासमोर म्हणतो. आयुष्यभर बोललेली भाषा आहे, कान चुकत नाहीत. मग पट्टी उघडायला सांगायची, समोर सरकवून चिकटवायचा, रेघ जुळवायची. आता विचारायचं, मघाशी समोर एकटा उभा होता, आता? "आता दाराला धरून आहे." हे उत्तर वर्गातून आलं की त्यानंतर 'शब्दयोगी' हे नाव सांगा, मग ते नाव कुणी विसरत नाही.

सुरुवातीला अकारान्तच शब्द घ्या ज्यांना नुसता काना लागतो: घर, दार, टेबल, गाव, झाड. शाळा चं शाळे होतं, रस्ता चं रस्त्या, ते नुसत्या पट्टीने होत नाही. तिथे शेवटचं आख्खं अक्षर झाकणारी झडप लागते, 'ळा' वर 'ळे'. आणि पहिल्या संचात जोडाक्षर असलेला शब्द नकोच, नाहीतर लोकांची सगळी ताकद वाचण्यातच जाते.

संध्याछाया
माझ्या सासूबाईंना मी घरीच शिकवते, त्या ६७ च्या आहेत. त्यांना जाती वगैरे कशाला, नाव आणि सही आली, बसचा बोर्ड वाचता आला म्हणजे झालं असं मला वाटतं. व्याकरणाने लोक घाबरतात.

निवृत्त_मास्तर
व्याकरणाशिवाय भाषा म्हणजे पायाशिवाय घर. घाबरायचं काय त्यात.

अक्षरवेल
संध्याछाया, घाबरतात हे खरं आहे, पण नावांना घाबरतात. खिशांना नाही घाबरत. आणि याचा वाचनालाच उपयोग होतो. नवीन वाचणारी व्यक्ती 'दारासमोर' हा पाच अक्षरी शब्द एक एक अक्षर करत वाचते आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते. समोर हा तुकडा ओळखीचा झाला की घरासमोर, गावासमोर, टेबलासमोर सगळे अर्धे वाचून झालेले असतात. तसंच खाली, वर, जवळ, मागे, पुढे. बसच्या बोर्डावर हेच शब्द असतात की. सासूबाईंना आठ नावं नकाच देऊ, पण समोर-मागे-जवळ एवढी चिकटणारी कार्डं करून बघा.

संध्याछाया
असं असेल तर करून बघते. त्यांना लांब शब्दच जड जातात हे खरं आहे.

खडू_फळा
एकाच वर्गात काहींना शब्द येतात काहींना वाक्य, मग एकच तक्ता कसा पुरतो? माझ्याकडे पुढचे कंटाळतात.

अक्षरवेल
वाक्य एकच, काम वेगळं. ज्यांना शब्दच वाचता येतात त्यांनी कार्ड वाचून खिशात ठेवायचं. ज्यांना वाक्य येतं त्यांना त्याच मापाचं कोरं कार्ड आणि जाड मार्कर, त्यांनी त्या खिशात बसेल असा दुसरा शब्द लिहायचा. आजी च्या जागी काय येईल? शेजारीण, ती, पोलीस. मग पहिल्या गटाने तो वाचायचा. इथे 'ती' आला की सर्वनाम आपोआप येतं. आणि कुणी ना कुणी 'ती' पहिल्या खिशात पण ठेवतं, "ती आजी दारासमोर बसली", तेव्हा अजिबात चूक म्हणू नका, कोणती आजी, ती आजी, बरोबरच आहे. समोर सारखीच गंमत, एक कार्ड दोन खिसे.

त्यानंतर चिमटे. कपडे वाळत घालायचे साधे चिमटे घ्या, त्यावर खडू_फळा म्हणतात ते त्रिकोण-गोल चिकटवा. तक्त्यावरून कार्डं काढून टेबलावर आख्खं वाक्य मांडायचं, आता खिसे नाहीत, आणि ज्याने त्याने चिमटा लावायचा. रंगाशिवाय ओळखता येतंय का ते इथे कळतं. फळ्यावर अडण्याचा तुमचा जो प्रश्न होता पाटी_पेन्सिल ताई, तो तपासायची जागा ही.

रंगरेषा
टेबलावरच्या हातातल्या कार्डांना ५ सेमी अक्षर नको, दीड सेमी पुरे, नाहीतर वाक्य टेबलावर मावणार नाही. ए४ चे आठ तुकडे केले की बरोबर माप येतं.

चिमणी_बालवाडी
आणि, पण, अरेरे हे कुठे ठेवता? चारच खिसे आहेत.

अक्षरवेल
आणि, पण यांना एका ओळीत जागा नाही, दोन ओळी लावायच्या आणि मधल्या जागेत ते कार्ड. अरेरे, अहाहा तक्त्याच्या बाहेर डावीकडे, त्यांच्यावाचून वाक्याचं काही अडत नाही. "आजी आणि आजोबा" मध्ये मात्र दुसऱ्याच खिशात तीन कार्डं होतात, म्हणून तो खिसा थोडा रुंद ठेवा.

निवृत्त_मास्तर
चिमट्याची कल्पना चांगली आहे, हे मान्य. पण व्याख्या शेवटी तरी पाठ करून घ्यावी या मतावर मी ठाम आहे. परीक्षेला बसणारे असतील तर त्यांना विचारतात.

अक्षरवेल
परीक्षेला बसणारे असतील तर शेवटी घ्यायला हरकत नाही मास्तर. फक्त शेवटी.

पाटी_पेन्सिल
काल तक्ता लावला. "दार समोर" वाचल्या वाचल्या तीन जणांनी एकदम सुधारलं, अगदी तुम्ही म्हणालात तसं. पण दोन अडचणी आल्या. एक आजोबा समोर म्हणतच नाहीत, म्होरं म्हणतात, "दाराम्होरं". त्यांनी कोऱ्या कार्डावर तसंच लिहून मागितलं. लिहू का? 'म्हो' जोडाक्षर आहे, शिवाय पुस्तकात हा शब्द मिळणार नाही. आणि दुसरं, चिमट्याच्या वेळी एका मुलीने विचारलं की "आजीच्या समोर" असं लिहिलं तर समोर एकटा आहे की धरून आहे?

निवृत्त_मास्तर
प्रमाण शब्दच लिहावा. वर्ग लिहायला शिकवण्यासाठी आहे, बोलायला त्यांना येतंच.

अक्षरवेल
आजोबांचं मी तरी लिहीन. त्यांच्या तोंडचं वाक्य कार्डावर आलं की ते न अडखळता वाचतील, कारण पुढे काय येणार ते त्यांना माहीत आहे. त्याच कार्डाच्या मागे 'समोर' लिहा, उलटलं की पुस्तकातला शब्द. जात दोन्हीची एकच, हेही त्यांना दाखवता येईल.

खडू_फळा
मागे लिहिलं तर उलटी बाजू तक्त्यात कुणाला दिसणार? दोन वेगळी कार्डं करा, दोन्ही एकाच खिशात ठेवता येतील.

अक्षरवेल
हो, ते जास्त बरं.

मुलीच्या प्रश्नाबद्दल: काम चिकटल्याचंच आहे, आजीच्या म्हटल्यावर वाक्य तिथे थांबत नाही. "त्याच्यासमोर" आपण जोडूनच लिहितो, त्या न्यायाने आजीच्यासमोर लिहावं. पण सुटं लिहिणारे भरपूर आहेत आणि वर्गातल्यांना बाहेर दोन्ही दिसणार. फट असली तरी धरून आहे हे रेघेच्या खुणेने कसं दाखवायचं ते मलाही अजून जमलेलं नाही. मी सध्या 'च्या' असलेली वाक्यं पहिल्या संचातून बाहेर ठेवते.

रंगरेषा
'च्या' साठी वेगळा जोडतुकडा करून बघता येईल, दोन्ही कडांना शिरोरेघ पोचलेली, म्हणजे आजी-च्या-समोर तिन्ही जोडता येतील आणि हवं तेव्हा मध्ये फटही ठेवता येईल. रुंदी ९ सेमीच्या आसपास येईल असं वाटतं. काढून बघतो आणि माप टाकतो.

पाटी_पेन्सिल
टाका नक्की. तिने उद्या परत विचारलं तर तोपर्यंत सांगते की धरून आहे, लिहिताना मात्र दोन पद्धती आहेत.